फुकटचा विमा आणि दवाखान्याचे बिल

पिशोरसारख्या गावातल्या एखाद्या घरची बँकेची कागदपत्रे एकत्र मांडली, तर या घराला विमा नाही असे कोणी म्हणणार नाही. मे महिन्याच्या शेवटी पासबुकात 20 रुपये कापल्याची नोंद असते, तिच्याखाली 436 रुपयांची. जन धन खात्याच्या रुपे कार्डावर विमा आहे, हे खाते उघडतानाच सांगितलेले असते. मायक्रोफायनान्सच्या गटकर्जातून विम्याची रक्कम आधीच वळती झालेली असते. मुलगा वाळूजच्या कंपनीत असेल, तर पगाराच्या खात्यावर मोफत आरोग्य कवच मिळाल्याचा संदेश त्याच्या फोनवर येऊन पडलेला असतो. आणि त्याच घरातले कोणी डेंग्यूने आजारी पडून कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला दाखल झाले, की बिल भरायला अद्रकाच्या पट्टीचे पैसे, अंगावरचे सोने किंवा पाहुण्यांकडची उसनवारी, हेच पुढे येते.

असे का होते हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. बँक फसवते किंवा विमा कंपनी पैसे बुडवते, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. काही ठिकाणी तसे घडतेही. पण बहुतेक वेळा पैसे न मिळण्याचे कारण त्या विम्याच्या रचनेतच असते. खात्याबरोबर, कार्डाबरोबर किंवा कर्जाबरोबर जो विमा येतो, त्यातला फार थोडा भाग आजारपणाच्या बिलाशी संबंधित असतो. बाकीचा अपघाती मृत्यूचा असतो, कायमच्या अपंगत्वाचा असतो, नाहीतर कर्ज फिटावे म्हणून घेतलेला असतो. घरच्यांच्या डोक्यात मात्र या सगळ्याचे एकच नाव असते, विमा. म्हणून दवाखान्याच्या दारात गेल्यावर घरचा माणूस विचारतो, "साहेब, विमा तर दरसाल कापता, मग आता का नाही म्हणता?" या प्रश्नात चूक काहीच नाही. त्याचे उत्तर विमा कापण्याच्या दिवशी द्यायला हवे होते. ते तेव्हा कोणी दिलेले नसते.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रकारचा विमा वेगळा घेतला आहे, पण सगळीकडे तीनच प्रश्न विचारले आहेत. पैसे कशावर मिळतात? किती मिळतात आणि कोणत्या हिशेबाने? आणि विमा कोणत्या अटीवर चालू राहतो? या तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याला जाहिरातीतला आकडा भुलवू शकत नाही. प्रस्तावनेत हेच तीन प्रश्न घेऊन मी एका घराचा हिशेब शेवटपर्यंत मांडणार आहे. त्याआधी त्या घरातले विमे एकेक करून ओळखून घेऊ.

सुरुवात 20 रुपयांपासून करू. ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. 2015 साली ती सुरू झाली तेव्हा वर्षाला 12 रुपये कापले जात. 1 जून 2022 पासून 20 रुपये झाले. वय 18 ते 70 असलेल्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला, तर वारसाला 2 लाख मिळतात. दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा निकामी झाला तरीही 2 लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला, तर 1 लाख. इथे ही यादी संपते. तिच्यात दवाखान्याच्या बिलाला जागाच नाही. मक्याच्या हंगामात मळणी यंत्रात हात सापडला, शस्त्रक्रियेने हात वाचला, दोन महिने कामाला मुकावे लागले आणि लाखभर खर्च झाला, तरी या योजनेतून काहीही मिळत नाही. हात वाचला हेच त्याचे कारण. हाताचा उपयोग कायमचा गेला आणि तसे जिल्हा शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र मिळाले, तरच 1 लाखाचा प्रश्न उभा राहतो.

याच योजनेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, कारण मिळणारे पैसेही अनेक घरे मागत नाहीत. शेतात साप चावून माणूस गेला, तर तो अपघात धरला जातो. झाडावरून पडून गेला, तरी धरला जातो. रस्त्यावरच्या अपघाताला, बुडून झालेल्या मृत्यूला पोलिसांची नोंद लागते. सर्पदंशाला मात्र दवाखान्याची त्या वेळची ताबडतोबची नोंद चालते. त्यामुळे चावलेल्या माणसाला आधी कुठे नेले, तिथल्या केसपेपरवर 'सर्पदंश' असे लिहिले का, यावर पुढचे 2 लाख अवलंबून असतात. नुसते 'विषबाधा' किंवा 'मृतावस्थेत आणले' एवढेच लिहिलेले असेल, तर घरच्यांना पुढे बराच त्रास होतो. दुःखाच्या घटकेला कागद पाहणे कठीण असते, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे काम घरच्यांनी न करता सोबत गेलेल्या शेजाऱ्याने करावे, असे पुस्तिकेत सुचवले आहे.

436 रुपयांची नोंद प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची. तिचे उत्तर एका वाक्यात संपते: 18 ते 50 वयात नाव नोंदवलेल्या माणसाचा मृत्यू कोणत्याही कारणाने झाला, तर 2 लाख. पहिल्यांदा नाव नोंदवल्यावर पहिले 30 दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. जिवंत माणसाच्या उपचाराला हिच्यातूनही काही मिळत नाही.

या दोन्ही योजनांचे वर्ष 1 जून ते 31 मे असे चालते आणि पैसे मेच्या अखेरीस आपोआप कापले जातात. आपल्या भागात नेमकी हीच वेळ अडचणीची असते. मृगाच्या आधी बी-बियाणे, खत, नांगरट यांत खाते रिकामे झालेले असते. त्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर रक्कम कापली जात नाही आणि विमा बंद पडतो. बँकेतून कोणी घरी येऊन हे सांगत नाही. उलट, एकाच माणसाची दोन बँकांत खाती असतील तर दोन्हीकडून पैसे कापले जाऊ शकतात, पण विमा एकाच खात्यावर धरला जातो आणि दुसरीकडे भरलेले पैसे वाया जातात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणावे आणि दोन्ही नोंदी एकदा डोळ्यांनी पाहाव्यात. वर्षभराच्या विम्याची खात्री करायला तेवढे पुरते.

आता रुपे कार्ड. याच्यासाठी वेगळे पैसे कापले जात नाहीत, त्या अर्थाने खरोखर मोफत असलेला हा विमा आहे. जन धन योजना 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाली. 28 ऑगस्ट 2018 पर्यंत उघडलेल्या जन धन खात्यांच्या कार्डावर 1 लाखाचा आणि त्यानंतरच्या खात्यांच्या कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा आहे. तोही अपघाती मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा. आजारपण इथेही नाही. या विम्याचा खरा घोळ तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे तो चालू कधी असतो यात आहे. अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत खातेदाराने स्वतः किमान एक व्यवहार केलेला असला पाहिजे. व्यवहार 'स्वतः केलेला' असणे ही अट नीट समजून घ्यावी. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये दर महिन्याला खात्यात येतात, तो खातेदाराने केलेला व्यवहार नाही. अनुदान जमा झाले, व्याज जमा झाले, तोही नाही. कित्येक घरांत हे कार्ड लोखंडी पेटीत पाकिटासकट ठेवलेले असते, पिन कोणालाच आठवत नाही. असे कार्ड असलेल्या माणसाचा अपघात झाला की बँक आधी 90 दिवसांचा खातेउतारा काढते, आणि त्यात नुसत्या जमेच्या नोंदी दिसल्या की दावा अडकतो. यावर उपाय साधा आहे. दोन महिन्यांतून एकदा तरी ते कार्ड एटीएममध्ये घालून शंभर-दोनशे रुपये काढावेत.

इथपर्यंतच्या विम्यांत दवाखान्याचा प्रश्नच नव्हता. तो पहिल्यांदा येतो कर्जाबरोबरच्या विम्यात, आणि घोटाळाही तिथेच जास्त होतो. बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या कर्जासोबत दोन प्रकारचे विमे जोडतात. एक जीवन विमा, ज्याने कर्जदार किंवा तिचा नवरा गेला तर उरलेले कर्ज फिटते. दुसरा 'हॉस्पिकॅश', म्हणजे दवाखान्यात दाखल असलेल्या प्रत्येक दिवसामागे ठरलेली रक्कम. ही रक्कम पाचशे रुपये, हजार रुपये अशी बांधलेली असते. बिल पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, मिळणार ते दिवसांच्या हिशेबाने. म्हणून याला बिलाचा विमा न म्हणता बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हटले, तर त्याचे खरे स्वरूप चटकन कळते.

हा विमा मोफत आहे असे सांगितले जाते, पण तो मोफत नसतो. समजा 50 हजारांच्या कर्जातून विम्यासाठी 1,200 रुपये कापले आणि हातात तेवढे कमी आले. व्याज मात्र पूर्ण 50 हजारांवर लागते. शेकडा 24 च्या दराने, घटत्या शिलकीवर, दोन वर्षांत या 1,200 रुपयांचे सुमारे 1,520 रुपये फेडले जातात. रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये मायक्रोफायनान्सचे जे नियम जारी केले, त्यांत अशी जोड उत्पादने कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यावीत, त्यांचे शुल्क कर्जाच्या कार्डावर स्पष्ट लिहावे आणि कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे सांगितले आहे. म्हणजे विमा नको म्हणण्याचा अधिकार आहे. गटाच्या बैठकीत, दहा जणींसमोर, कर्ज मंजूर व्हायचे असताना तो वापरणे अवघड जाते, हेही खरे. म्हणून निदान कार्डावर ती रक्कम लिहून घेण्याचा आग्रह तरी धरावा. रक्कम लिहिलेली नसेल, तर पुढे विमा होता हेच सिद्ध करता येत नाही.

हॉस्पिकॅशचे पैसे कुठे अडतात, हे पाहायला एक कागद जवळून वाचावा लागतो. तो म्हणजे डिस्चार्ज कार्ड. बहुतेक योजनांत सलग 24 तास दाखल असणे ही पहिली अट असते. आता गावाकडची रीत पाहा. ताप उतरत नाही म्हणून बाई सकाळी डॉक्टरांकडे जाते, खाटेवर दोन सलाईन लावल्या जातात, संध्याकाळी जनावरांच्या धारा काढायच्या म्हणून ती घरी येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. असे तीन दिवस चालते. तिच्या लेखी ती तीन दिवस 'ॲडमिट' होती. विमा कंपनीच्या लेखी ती एकदाही दाखल झाली नाही. दुसरी अडचण दवाखान्याची. विम्याच्या व्याख्येप्रमाणे दवाखाना रीतसर नोंदणी झालेला असावा लागतो. नसेल तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, हे सगळे तिथे असावे लागते. तिसरी अडचण वेळेची. डिस्चार्ज कार्डावर तारखा असतात, पण दाखल झाल्याची आणि सुट्टी मिळाल्याची वेळ लिहिलेली नसते. ती नसली की 24 तास मोजायचे कसे, या कारणावरून कागद परत येतात. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर दवाखाना सोडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: आधार कार्डावर आहे तसेच नाव, आजाराचे नाव, दोन्ही तारखा वेळेसकट, आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांक शिक्क्यासह. नंतर यातली एखादी गोष्ट लिहून आणायची म्हणजे पुन्हा एक दिवस मोडतो.

हॉस्पिकॅशचा एक फायदा मात्र फारच थोड्यांना माहीत असतो. घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा सरकारी योजनेत उपचार झाले आणि बिलच आले नाही, तरी रोजची ठरलेली रक्कम मागता येते. ही रक्कम दाखल दिवसांवर ठरते, बिलावर नाही. "आमचे तर फुकटात झाले, आता काय मागायचे?" असे म्हणून लोक गप्प बसतात आणि हक्काचे दोन-चार हजार सोडून देतात. डिस्चार्ज कार्ड आणि कर्जाचा क्रमांक असेल, तर मुदतीत अर्ज जरूर करावा.

शेवटी पगाराचे खाते आणि क्रेडिट कार्ड. इथे आकडे सगळ्यांत मोठे असतात. पगाराच्या खात्यावर दहा किंवा वीस लाखांचे आरोग्य कवच मिळते, तेव्हा ते बहुधा 'सुपर टॉप-अप' असते. म्हणजे वर्षभरातल्या दवाखान्याच्या खर्चातली पहिली ठरलेली रक्कम, समजा 3 लाख, खातेदाराने स्वतः किंवा दुसऱ्या विम्यातून भरायची आणि त्यावरचा खर्च या विम्याने द्यायचा. बिल 2 लाख 80 हजारांचे झाले, तर मिळणार शून्य. 4 लाख 50 हजारांचे झाले, तर दीड लाख. ज्याच्याकडे आधीच 3 लाखांचा साधा आरोग्य विमा आहे, त्याच्यासाठी हे कवच खरोखर उपयोगाचे आहे. ज्याच्याकडे तो नाही, त्याला आपल्याकडच्या नेहमीच्या आजारांत त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय हे कवच बँकेने घेतलेल्या एका सामूहिक पॉलिसीत असते. पगार जमा होणे थांबले, ठेकेदार बदलला, खाते साध्या बचत खात्यात वळले, की ते संपते. आईवडील त्यात आहेत असे गृहीत धरू नये, बहुधा नसतात. क्रेडिट कार्डांवरचा विमाही मुख्यतः अपघाताचाच असतो आणि ठरावीक दिवसांत कार्ड वापरले असण्याची अट त्यालाही असते.

आता हे सगळे एका घरात ठेवून पाहू. हे घर आणि त्यातले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण पिशोरमधल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही. आई 42 वर्षांची, 2015 चे जन धन खाते, 20 आणि 436 रुपये वेळेवर कापलेले, गटाचे कर्ज आणि त्यावर रोज 500 रुपयांचा हॉस्पिकॅश. वडील 47 वर्षांचे, त्यांचेही 20 रुपये कापलेले, आणि हॉस्पिकॅशमध्ये नवरा म्हणून त्यांचे नाव. मुलगा वाळूजला, पगाराच्या खात्यावर 3 लाखांच्या वरचे सुपर टॉप-अप. आईच्या एकटीच्या नावावर कागदोपत्री 5 लाखांचा विमा आहे: रुपेचा 1, सुरक्षेचा 2 आणि जीवन ज्योतीचा 2.

पावसाळ्यात आईला डेंग्यू होतो. पाच दिवस खासगी दवाखान्यात, औषधे आणि तपासण्या धरून 46 हजार खर्च. रुपे कार्ड अपघाताचे, म्हणून शून्य. सुरक्षा विमा अपघाताचा, म्हणून शून्य. जीवन ज्योती मृत्यूचा, म्हणून शून्य. मुलाच्या सुपर टॉप-अपमध्ये आई नाही, आणि असती तरी खर्च 3 लाखांच्या आत, म्हणून शून्य. हॉस्पिकॅशमध्ये पहिला दिवस धरायचा नाही अशी अट असेल, तर चार दिवसांचे 2,000 रुपये. कागदावर 5 लाखांचा विमा असून हातात आले ते हॉस्पिकॅशचे 2,000, आणि 44 हजार घरातून गेले. यात कोणीही नियम मोडलेला नाही. प्रत्येक विम्याने आपल्या कागदाप्रमाणेच पैसे दिले.

पुढच्या वर्षी वडिलांची मोटारसायकल कन्नडच्या रस्त्यावर घसरते. मांडीचे हाड मोडते, रॉड टाकावा लागतो, नऊ दिवस आणि 1 लाख 60 हजार. हा अपघात आहे, म्हणून 20 रुपयांच्या विम्यातून काहीतरी मिळेल असे घरच्यांना वाटते. पण हाड जुळणार आहे, पाय कायमचा गेलेला नाही, म्हणून शून्य. हॉस्पिकॅशचे आठ दिवसांचे 4,000. तोच पाय घोट्यापासून काढावा लागला असता, तर 1 लाख मिळाले असते. या दोन प्रसंगांत अपघात तोच, रस्ता तोच. निकाल ठरतो तो पाय कायमचा गेला की नाही, एवढ्यावरच.

मग बिल भरणारे काही आहे की नाही? आहे, पण ते बँकेतून येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि तिच्याशी जोडलेली आयुष्मान भारत योजना यांतून राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे, ठरलेल्या उपचारांचे संरक्षण आहे. पांढऱ्या रेशन कार्डाची कुटुंबेही आता तिच्यात येतात. पैसे दवाखान्याला परस्पर जातात. अट अशी की दवाखाना योजनेत असला पाहिजे आणि उपचार यादीत असला पाहिजे. म्हणून दाखल होण्याआधी किंवा होताच त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे आणि रेशन कार्ड, आधार कार्ड दाखवावे. बिल भरून मग योजनेकडे गेलो, तर उशीर झालेला असतो. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारने 5 मे 2025 पासून वेगळी योजनाही लागू केली आहे: नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, 1 लाख 50 हजारांपर्यंत बिनपैशाचे उपचार. वर सांगितलेल्या वडिलांच्या बाबतीत 1 लाख 60 हजारांचा भार हलका करू शकणारी योजना ही होती. कुटुंबाला मात्र त्या दिवशी आठवला तो 20 रुपयांचा विमा.

या हिशेबातून मी जो निष्कर्ष काढतो, तोच या पुस्तिकेचा पाया आहे. बँकेच्या खात्याबरोबर येणारे विमे टाकाऊ नाहीत. 20 रुपयांत 2 लाखांचे अपघात संरक्षण दुसरीकडे सहज मिळत नाही, आणि कर्ता माणूस गेलेल्या घराला ते 2 लाख फार मोठे असतात. ते चालू ठेवावेत, प्रसंग आला तर पूर्ण मागून घ्यावेत. पण त्यांच्या भरवशावर खरा आरोग्य विमा टाळू नये, चालू असलेला बंद करू नये, आणि केवळ मोफत विमा मिळतो म्हणून कर्जही घेऊ नये. 'आमचा विमा आहे' असे म्हणताना कोणत्या प्रसंगाचा, हे घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावे.

पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सरकारी योजनांचे आकडे सगळीकडे सारखे असतात. हॉस्पिकॅश आणि पगाराच्या खात्यांचे मात्र कंपनीगणिक, बँकेगणिक आणि वर्षागणिक बदलतात. इथे दिलेल्या रकमा रचना समजावी म्हणून आहेत. आपल्या विम्याचा खरा आकडा आपल्या विमा प्रमाणपत्रातच सापडेल. सामूहिक पॉलिसी बँकेच्या किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या नावावर असली, तरी त्यातल्या प्रत्येक माणसाला हे प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. ते मिळाले नसेल तर लेखी मागावे आणि मागणीच्या प्रतीवर पोच घ्यावी.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी घ्यावे. तोंडी नकार हा नकार नव्हे. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय पुण्याला आहे, आणि तिथे वकील लागत नाही, शुल्कही नाही. विमा न विचारता कर्जातून कापला असेल, तर तक्रार आधी कर्ज देणाऱ्याकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे करायची. या अर्जांचे मराठी नमुने शेवटच्या प्रकरणात दिले आहेत.

बँकांकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडे माझे मागणे एवढेच आहे. विम्याचे पैसे कापताना ग्राहकाला मराठीत तीन ओळी लिहून द्या: पैसे कशावर मिळतील, किती मिळतील, आणि विमा कधी बंद पडेल. तिसऱ्या ओळीखाली दाव्यासाठी कोणाला फोन करायचा तो क्रमांक द्या. तोपर्यंत वाचकांनी हे काम स्वतः करावे. पुस्तिकेच्या मधल्या पानावर एक कोरा तक्ता छापला आहे. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव एका ओळीत आणि त्याच्यापुढे ही तीन उत्तरे, असे तो भरायचा आहे. एखादे उत्तर माहीत नसेल, तर ती जागा मोकळी ठेवावी आणि तक्ता घेऊन बँकेत जावे. तिथल्या माणसाने उत्तर लिहून दिल्याशिवाय उठू नये.

पिशोर, ता. कन्नड
जि. छत्रपती संभाजीनगर